भरती, निवड आणि कामगिरी मूल्यमापन: तुलना नेमकी कोणत्या मुद्द्यांवर करायची?

प्रश्न: एचआरएमच्या पेपरसाठी भरतीचे स्रोत, निवडीच्या पायऱ्या आणि कामगिरी मूल्यमापनाच्या पद्धती पाठ आहेत. पण ‘तुलनात्मक चर्चा करा’ असा प्रश्न आला की मी एकेका पद्धतीची व्याख्या, फायदे, तोटे लिहीत जातो आणि मार्क अर्धेच पडतात. तुलना नेमकी कशी लिहायची?

उत्तर:

मार्क जातात ते पद्धती एकाखाली एक मांडल्यामुळे. तशी मांडणी म्हणजे यादी. तुलना करायची तर सगळ्या पद्धतींना एकच प्रश्न विचारावा लागतो आणि प्रत्येकीचं उत्तर वेगळं का येतं ते सांगावं लागतं. या तिन्ही विषयांना चालेल असा प्रश्न आहे: ही पद्धत वापरली तर चूक कुठे होते, आणि त्या चुकीची किंमत कोण मोजतं? एवढं धरून लिहिलं की फायदे-तोटे आपोआप जागच्या जागी बसतात.

उदाहरण एकच घ्या आणि शेवटपर्यंत तेच चालवा. समजा, एका कंपनीला फोनवरून ग्राहकांच्या तक्रारी सोडवणारे ८ कर्मचारी हवे आहेत. (पुढचे आकडे समजावण्यासाठी घेतले आहेत. परीक्षेत तुम्ही तुमचे आकडे घेऊ शकता, फक्त हिशेब जुळला पाहिजे.)

सुरुवात कार्य विश्लेषणापासून करा. त्यातून दोन कागद निघतात. कार्यवर्णनात काम काय ते असतं: दिवसभर फोन घेणं, तक्रार नोंदवणं, ठरलेल्या वेळेत सोडवणं. कार्य विनिर्देशात माणूस कसा हवा ते असतं: ऐकून घेण्याची क्षमता, स्पष्ट बोलणं, संगणकावर वेगाने नोंद करणं. भरतीची जाहिरात याच कागदांवरून निघते, निवडीची चाचणी यावरूनच बनते आणि वर्षाअखेरच्या मूल्यमापनाचे निकषही यातूनच येतात. तिन्ही विषय एकाच उत्तरात आले असतील तर त्यांना जोडणारं हे वाक्य पहिल्याच परिच्छेदात आलं पाहिजे. बहुतेक उत्तरपत्रिकांत ते नसतं.

भरती

‘भरती ही सकारात्मक प्रक्रिया आणि निवड ही नकारात्मक प्रक्रिया’ हे वाक्य सगळेच लिहितात. त्याचा अर्थ मात्र पुढच्याच ओळीत उलगडा. भरतीत अर्जदारांची संख्या वाढवायची असते, निवडीत ती कमी करायची असते. नकारात्मक म्हणजे वाईट असं समजून ‘म्हणून भरती श्रेष्ठ’ असं लिहिलेली उत्तरंही येतात. ती चूक टाळा.

अर्ज किती हवेत हे उलट्या दिशेने मोजतात. ८ जण रुजू व्हायला हवेत. नेमणूकपत्र दिलेल्या पाचांपैकी चार जण येतात असा अनुभव असेल तर १० पत्रं द्यावी लागतील. मुलाखत दिलेल्या तिघांपैकी एक पसंत पडत असेल तर ३० मुलाखती हव्यात. चाचणीत निम्मे पास होत असतील तर ६० जण चाचणीला बसले पाहिजेत. आणि चार अर्जांपैकी एकच अर्ज पात्र ठरत असेल तर २४० अर्ज हवेत. म्हणजे एका जागेमागे ३० अर्ज. याला प्राप्ती गुणोत्तर म्हणतात. पुस्तकात हा मनोरा आकृतीने दाखवलेला असतो. उत्तरात तो चार आकड्यांत काढला तरी परीक्षकाला कळतं की संकल्पना समजली आहे.

आता अंतर्गत आणि बाह्य स्रोतांची तुलना याच पट्टीवर करा. हे २४० अर्ज जाहिरातीतून १८०, कर्मचाऱ्यांच्या शिफारशीतून ३० आणि कंपनीच्या संकेतस्थळावरून ३० असे आले आणि त्यांतून अनुक्रमे ४, ३ आणि १ जण रुजू झाले असं धरा. जाहिरातीला एका माणसामागे ४५ अर्ज वाचावे लागले, शिफारशीला १० आणि संकेतस्थळाला ३०. अर्जांचा ढीग जाहिरातीने मोठा आणला, पण छाननीचं ओझंही तिनेच वाढवलं. शिफारशीने आलेल्या माणसाला काम कसं आहे ते आधीच ऐकून माहीत असतं, म्हणून तो अर्ज करतानाच विचार करून करतो. तिची चूक वेगळ्या ठिकाणी असते: कर्मचारी आपल्यासारख्याच माणसांची नावं सुचवतात, त्यामुळे गट एकसारखा होत जातो आणि बाहेरच्या पात्र माणसांपर्यंत बातमीच पोहोचत नाही.

अंतर्गत स्रोताबद्दल ‘खर्च कमी, मनोबल वाढते’ एवढंच लिहून थांबू नका. बढती आणि बदली यांचं खरं बळ माहितीत आहे. उमेदवाराचं काही वर्षांचं काम समोर असतं, ते कुठल्याही मुलाखतीपेक्षा जास्त सांगतं. पण ते आजच्या कामाबद्दल सांगतं. फोनवर उत्तम बोलणाऱ्याला पर्यवेक्षक केलं तर तो वीस जणांच्या पाळ्या नीट लावेलच असं नाही. शिवाय एकाला वर नेलं की खालची जागा रिकामी होते, ती भरली की तिच्याखालची. साखळीच्या टोकाला कधी ना कधी बाहेरचा माणूस आणावाच लागतो. त्यामुळे ‘अंतर्गत की बाह्य’ यात एकाची निवड करण्यापेक्षा, कोणत्या पातळीवर कोणता स्रोत, असा निष्कर्ष लिहिणं जास्त बरोबर आहे.

निवड

या भागाला सर्वांत जास्त जागा द्या. पायऱ्या (अर्ज छाननी, प्राथमिक मुलाखत, चाचणी, मुख्य मुलाखत, संदर्भ तपासणी, वैद्यकीय तपासणी, नेमणूकपत्र) दोन ओळींत आटपा. त्या सगळ्यांनाच येतात. क्रमाचं कारण मात्र लिहा: स्वस्त आणि भरभर होणारी गाळणी आधी, महाग आणि वेळखाऊ नंतर. २४० जणांच्या मुलाखती घेऊन मग पात्रता तपासत नाहीत, ते याचसाठी.

निवडीत चुका दोनच प्रकारच्या होतात. नको तो माणूस घेतला जातो, किंवा हवा तो माणूस परत जातो. चाचणीला बसलेल्या ६० जणांपैकी ३० जण प्रत्यक्षात काम चांगलं करू शकले असते असं धरू. चाचणीत ३० जण पास झाले. त्यांत २१ खरोखर चांगले आणि ९ कच्चे निघाले. म्हणजे ९ चांगले उमेदवार नापास होऊन घरी गेले. चिठ्ठ्या टाकून निवडले असते तर पास झालेल्यांत निम्मे चांगले निघाले असते. चाचणीमुळे ते प्रमाण ७० टक्के झालं. चाचणीचा उपयोग तो हा.

आता कोणी म्हणेल, पासाची रेषा वर न्या. नेली, आणि १६ जणच पास झाले. त्यांत १३ चांगले, ३ कच्चे. प्रमाण ८१ टक्क्यांवर गेलं. पण चांगल्या ३० जणांपैकी १७ आता बाहेर आहेत. एक चूक कमी केली की दुसरी वाढते. दोन्ही एकदम कमी करायच्या असतील तर रेषा सरकवून भागत नाही, चाचणीच अधिक अचूक लागते. पहिली चूक कंपनीला दिसते, कारण तो माणूस समोर वावरत असतो. दुसरी कधीच दिसत नाही, कारण तो माणूस दुसरीकडे नोकरी करत असतो. म्हणूनच निवड करणारे सहसा रेषा वर ठेवण्याकडे झुकतात. विमानचालकाच्या निवडीत ते योग्य आहे. जिथे अर्जदारच थोडे आहेत तिथे त्याच सवयीने जागा रिकाम्या राहतात.

इथेच भरती आणि निवड यांचा खरा संबंध दिसतो. ८ जागांसाठी १० च अर्ज आले तर चाचणी कितीही चांगली असो, दहातले आठ घ्यावेच लागणार. तिला काम करायला वावच उरत नाही. २४० अर्ज असतील तर साधारण चाचणीही बराच फरक पाडते. टेलर आणि रसेल यांनी १९३९ मध्ये हेच तक्त्यांच्या रूपात मांडलं. चाचणीची अचूकता, जागा आणि अर्जदार यांचं प्रमाण, आणि अर्जदारांत मुळात चांगले किती, या तिन्हींवर निवडीचं यश ठरतं. भरती आणि निवड यांतल्या फरकाच्या तक्त्याखाली एवढा एक परिच्छेद लिहिलात तरी उत्तर उठून दिसेल.

चाचणी आणि मुलाखत यांची तुलना करताना ‘मुलाखत व्यक्तिनिष्ठ, चाचणी वस्तुनिष्ठ’ हे अर्धवट उत्तर आहे. मुलाखतीचेच दोन प्रकार करा. संरचित मुलाखतीत सगळ्यांना तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारतात आणि प्रत्येक उत्तराला गुण देण्याची पट्टी आधी ठरलेली असते. असंरचित मुलाखत गप्पांसारखी पुढे सरकते. श्मिट आणि हंटर यांनी १९९८ मध्ये अनेक दशकांच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. त्यात संरचित मुलाखतीचा कामगिरीशी सहसंबंध ०.५१ आणि असंरचित मुलाखतीचा ०.३८ दिला आहे. सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये त्या हिशेबातल्या दुरुस्त्या पुन्हा तपासल्या, तेव्हा हे आकडे ०.४२ आणि ०.१९ वर आले. आकडे उतरले, पण संरचित मुलाखत वरचढ हा क्रम तसाच राहिला. परीक्षेत दोन्ही वर्षं लिहायची गरज नाही. एक लिहिलंत तर वर्ष आणि आकडा यांची जोडी चुकवू नका.

कारण लिहायला विसरू नका, कारण मार्क त्यालाच आहेत. गप्पांच्या मुलाखतीत प्रत्येक उमेदवाराला वेगळा पेपर मिळतो, मग गुणांची तुलना कशाशी करणार? त्यातच पहिल्या काही मिनिटांत बनलेलं मत पुढच्या प्रश्नांची दिशा ठरवतं. आवडलेल्याला सोपे प्रश्न आणि न आवडलेल्याला खोचक, असं नकळत होत जातं. आणि आधी आलेला उमेदवार फारच कच्चा असेल तर त्यानंतरचा साधारण उमेदवारही चांगला वाटतो. याला विरोधाभास परिणाम म्हणतात.

कामगिरी मूल्यमापन

पुस्तकं ‘पारंपरिक’ आणि ‘आधुनिक’ असे दोन गट करतात. तक्त्यासाठी ते ठीक आहे, पण त्यातून तुलना निघत नाही. त्याऐवजी विचारा की पद्धत माणसाची तुलना कशाशी करते. काही पद्धती माणसाची दुसऱ्या माणसाशी तुलना करतात: सरळ क्रमवारी, जोडी तुलना, सक्तीची विभागणी. काही ठरलेल्या वर्तनाशी तुलना करतात: आलेखी मानांकन श्रेणी, निर्णायक घटना, वर्तनाधारित मानांकन श्रेणी. आणि काही निकालाशी, म्हणजे उद्दिष्टानुसार व्यवस्थापन. हे तीन गट केले की बाकीचं उत्तर स्वतःच पुढे जातं.

आपल्या ८ जणांना वर्ष झालं आहे. जोडी तुलनेत प्रत्येकाची प्रत्येकाशी गाठ घालायची. संख्या गुणिले तिच्याहून एकने कमी संख्या, भागिले दोन. ८ जणांच्या २८ जोड्या होतात, ते जमतं. २० जणांच्या १९० जोड्या होतात. तिथे मूल्यमापक थकतो आणि शेवटच्या जोड्यांना उत्तरं कशीही जातात. ते ओळखायचं कसं? उत्तरांत विसंगती दिसते: ‘अ’ हा ‘ब’पेक्षा चांगला, ‘ब’ हा ‘क’पेक्षा चांगला, आणि पुढे ‘क’ हा ‘अ’पेक्षा चांगला.

सक्तीच्या विभागणीत वरचे काही टक्के उत्कृष्ट, मधले साधारण, खालचे काही टक्के कमी, असे कप्पे आधीच ठरलेले असतात. जनरल इलेक्ट्रिकमध्ये जॅक वेल्श यांच्या काळात २०-७०-१० ही विभागणी प्रसिद्ध झाली. मायक्रोसॉफ्टने अशी क्रमवारी २०१३ मध्ये बंद केली. ही पद्धत एक चूक खात्रीने टाळते. सगळ्यांना सरसकट चांगले गुण देणारा उदार वरिष्ठ आणि सगळ्यांना मधलेच गुण देणारा सावध वरिष्ठ, दोघांनाही इथे वाव नाही. पण तिच्या पोटात एक गृहीतक आहे: गटातली कामगिरी घंटेच्या आकाराची असते. ८ जणांचे १० टक्के म्हणजे ०.८ माणूस. कोणाला तरी खालच्या कप्प्यात घालावंच लागतं. आणि हे आठ जण २४० मधून निवडून घेतलेले आहेत. निवड जितकी चांगली झाली असेल तितके सगळेच वरच्या टोकाचे असतील आणि घंटेचा आकार तितका खोटा ठरेल. लहान आणि निवडक गटाला ही पद्धत सर्वांत जास्त अन्याय करते, हे वाक्य कारणासकट लिहा.

आलेखी मानांकन श्रेणी सर्वांत जास्त वापरली जाते, कारण ती तयार करायला सोपी आहे: ‘ग्राहकाशी वागणूक’ असं लिहायचं आणि पुढे १ ते ५. अडचण अशी की एका वरिष्ठाचा ४ म्हणजे दुसऱ्याचा ३ असतो. शिवाय एका गुणाची छाप बाकीच्या गुणांवर पडते. थॉर्नडाइक यांनी १९२० मध्ये हा प्रभावळ परिणाम दाखवला. फॉर्मवर तो डोळ्यांना दिसतो: वक्तशीरपणा, ज्ञान, सहकार्य, सगळीकडे ४, ४, ४. सगळ्याच कर्मचाऱ्यांना सगळीकडे ३ दिसला तर ती मध्यप्रवृत्तीची चूक. या दोन चुकांची उत्तरांत नेहमी गल्लत होते. प्रभावळ एका माणसाच्या ओळीत आडवी दिसते, मध्यप्रवृत्ती सगळ्या माणसांच्या रकान्यात उभी दिसते. फॉर्मची कल्पना डोळ्यांसमोर आणली की विसरणार नाही.

यावर उपाय म्हणून वर्तनाधारित मानांकन श्रेणी आली. स्मिथ आणि केंडल यांनी ती १९६३ मध्ये मांडली. तिचा कच्चा माल फ्लॅनगन यांच्या १९५४ च्या निर्णायक घटना पद्धतीतून येतो. म्हणून या दोन पद्धती एकमेकींच्या पर्याय आहेत असं न लिहिता, निर्णायक घटना पद्धत वर्तनाधारित श्रेणीचा पाया आहे असं लिहा. ही श्रेणी अशी बनते. काम जाणणाऱ्या लोकांकडून चांगल्या आणि वाईट वर्तनाच्या खऱ्या घटना गोळा करायच्या. त्यांचे काही निकषांत गट पाडायचे. मग दुसऱ्याच एका गटाला त्या घटना पुन्हा निकषांत वाटायला सांगायच्या. ज्या घटनेवर पुरेसं एकमत होत नाही ती गाळायची. उरलेल्या घटनांना बहुधा ७ किंवा ९ अंशांच्या पट्टीवर जागा द्यायची. दुसऱ्या गटाकडून करून घेतलेली ही फेरवाटणी म्हणजे या पद्धतीचा प्राण. ती पायरी उत्तरातून सुटली तर पद्धत सामान्य मानांकनासारखीच दिसते.

एक निकष पूर्ण लिहून दाखवा. ‘रागावलेल्या ग्राहकाला हाताळणे’ या निकषावर:

७ — ग्राहकाचं पूर्ण ऐकतो, तक्रार स्वतःच्या शब्दांत परत सांगतो, कधीपर्यंत सुटेल ते सांगतो आणि त्या वेळी स्वतः फोन करतो.
४ — शांतपणे ऐकून तक्रार नोंदवतो, पण पुढे काय होणार ते ग्राहकाने विचारल्याशिवाय सांगत नाही.
१ — ग्राहकाचं बोलणं तोडतो किंवा काही न सांगता फोन दुसरीकडे जोडतो.

आता ४ म्हणजे काय यावर दोन वरिष्ठांत फारसा वाद होणार नाही, आणि कर्मचाऱ्यालाही ४ वरून ७ वर कसं जायचं ते कळतं. हिची मर्यादाही तितकीच स्पष्ट लिहा. प्रत्येक पदासाठी वेगळी श्रेणी बनवावी लागते, त्यात खूप वेळ जातो, आणि काम बदललं की श्रेणी शिळी होते. ३० वेगवेगळी पदं आणि प्रत्येकावर दोनच माणसं असतील तर हा खर्च परवडत नाही. एकाच पदावर अनेक माणसं असतील तिथे परवडतो.

उद्दिष्टानुसार व्यवस्थापन पीटर ड्रकर यांनी १९५४ मध्ये मांडलं. वरिष्ठ आणि कर्मचारी मिळून उद्दिष्टं ठरवतात, मुदत ठरते, मधूनमधून आढावा होतो आणि शेवटी निकाल मोजतात. इथे व्यक्तिगत मताचा भाग सर्वांत कमी असतो. चूक मात्र उद्दिष्टातच शिरते. ‘सरासरी कॉल चार मिनिटांत संपवा’ असं उद्दिष्ट दिलं की कॉल चार मिनिटांत संपू लागतात आणि तोच ग्राहक दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन करतो. म्हणून वेळेच्या उद्दिष्टासोबत ‘एकाच तक्रारीसाठी पुन्हा आलेले कॉल’ हाही आकडा ठेवावा लागतो. तसंच कर्मचाऱ्याच्या हातात नसलेल्या कारणाने, म्हणजे उत्पादनच बिघडून तक्रारी दुप्पट झाल्या म्हणून, निकाल बिघडला तर ही पद्धत दोष त्याच्याच नावावर टाकते.

३६० अंश मूल्यमापनावर थोडक्यात लिहिलं तरी चालेल, एक मुद्दा सोडू नका. सहकारी आणि हाताखालचे लोक खरं तेव्हाच लिहितात, जेव्हा त्यांचं नाव कळणार नाही आणि त्या गुणांवर कोणाची पगारवाढ ठरणार नाही. म्हणून ही पद्धत विकासासाठी योग्य आणि पगारवाढीसाठी धोक्याची. हाताखाली दोनच माणसं असतील तर नाव लपवणंही जमत नाही.

शेवटचा परिच्छेद कशावर लिहायचा

‘अशा प्रकारे सर्व पद्धती महत्त्वाच्या आहेत’ असा शेवट करू नका. त्या जागेत तिन्ही विषयांची उलटी साखळी लिहा. निवडीची चाचणी कामाची आहे का हे तपासायचं तर चाचणीचे गुण आणि वर्षानंतरच्या मूल्यमापनाचे गुण यांचा संबंध काढावा लागतो. म्हणजे मूल्यमापन चुकीचं असेल तर चांगली चाचणीही निरुपयोगी ठरवली जाते. या तपासणीत दोन सापळे आहेत. मूल्यमापन करणाऱ्या वरिष्ठाला चाचणीचे गुण आधीच माहीत असतील तर तो नकळत त्यांच्याशी जुळणारे गुण देतो आणि चाचणी आहे त्यापेक्षा चांगली दिसते. दुसरा सापळा याच्या उलट दिशेचा आहे. मूल्यमापन फक्त निवडलेल्या ८ जणांचं होतं. त्या आठांचे चाचणीतले गुण एकमेकांच्या जवळच असतात, त्यामुळे संबंध क्षीण दिसतो आणि चाचणी आहे त्यापेक्षा वाईट वाटते. नाकारलेल्या माणसांची कामगिरी मोजायला कुणीच नसतं. पहिल्या सापळ्यावर उपाय आहे: वर्ष होईपर्यंत चाचणीचे गुण वरिष्ठाला दाखवायचे नाहीत. दुसऱ्यासाठी संख्याशास्त्रीय दुरुस्ती करतात, पण ८ जणांच्या आकड्यांवर तिचाही भरवसा धरता येत नाही. त्यासाठी त्याच पदाच्या अनेक वर्षांच्या तुकड्या एकत्र घ्याव्या लागतात.